चटई किती, भिंत किती, जिना किती?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं चिटणिसांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आठवणी सगळेच लिहितील. मी हिशेब लिहितो. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार? आणि हिशेब असा निवडला आहे, जो आपल्या बत्तीस घरांपैकी प्रत्येकाने एकदा तरी केला आहे आणि बहुतेकांनी चुकवला आहे. मीही चुकवला होता. आपण घर घेतलं ते नेमकं किती फुटांचं, आणि पैसे दिले ते किती फुटांचे?

गेल्या वर्षी पुनर्विकासाबाबत आलेलं पत्र सर्वसाधारण सभेत वाचलं गेलं, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा ताजा झाला. त्या पत्राकडे शेवटी येतो. आधी इतिहास.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे घराचं माप विचारलं तर उत्तर यायचं 'दोन खोल्या'. फार तर 'दहा बाय बाराची खोली, मागे स्वयंपाकघर'. भाडं खोलीला होतं, फुटाला नव्हतं. समोरची गॅलरी सगळ्यांची, जिना सगळ्यांचा, नळ आणि मोरी सगळ्यांची. त्यांचं माप काढून कोणाच्या भाडेपावतीवर चढवावं, हे मालकाच्याही डोक्यात आलं नसतं. माप लागतं ते विकताना. स्वातंत्र्यानंतर 'ओनरशिप'चे फ्लॅट निघाले, आणि खोली जाऊन चौरस फूट आला.

त्याबरोबर तक्रारीही आल्या. पैसे आधी, कागद नंतर, आणि ताबा त्याहूनही नंतर, असा कारभार सुरू झाला. म्हणून राज्य सरकारने १९६० साली समिती नेमली आणि १९६३ साली कायदा केला, ज्याला आपण सगळे 'मोफा' म्हणतो. ठरावीक रकमेपेक्षा, म्हणजे किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेण्याआधी लेखी करारनामा केला पाहिजे, हे बंधन या कायद्याचं. पुढे ऐंशीच्या दशकातल्या दुरुस्तीनंतर करारात फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र लिहावं, आणि बाल्कनी वेगळी दाखवावी, असंही आलं. म्हणजे आपण १९९८ साली फ्लॅट घेतला तेव्हा कायदा होता आणि कायद्यात कार्पेटही होतं. तरी आपल्यातल्या एकानेही कार्पेटच्या भावाने फ्लॅट घेतला नाही. का, ते सांगतो.

'कार्पेट एरिया' म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत जिथे गालिचा अंथरता येईल तेवढी जागा. मराठीत त्याला 'चटई क्षेत्र' हा छान शब्द आहे. पण या शब्दाने एक घोटाळाही करून ठेवला आहे. ज्याला आपण एफएसआय म्हणतो त्याचं सरकारी मराठी नाव 'चटई क्षेत्र निर्देशांक'. प्रत्यक्षात तो निर्देशांक चटईला लागत नाही, बांधकामाला लागतो. प्लॉट हजार चौरस मीटरचा आणि निर्देशांक एक असला, तर भिंतींसकट हजार मीटर बांधता येतं. चटई त्याहून कमीच पसरते. अनेक सुशिक्षित माणसं या एका नावामुळे दोन्ही मापं एकच समजतात.

दुसरं माप बिल्ट-अप, म्हणजे बांधीव क्षेत्र. चटईत भिंतींची जाडी आणि बाल्कनी मिळवली की ते होतं. बाहेरची भिंत नऊ इंची, मधल्या भिंती साडेचार इंची, वर दोन्ही बाजूंनी गिलावा. शेजाऱ्याबरोबरची भिंत अर्धी त्याची, अर्धी आपली. हे माप नकाशावरून काढता येतं, म्हणून त्यात फार लबाडी करता येत नाही.

तिसरं माप सुपर बिल्ट-अप. हे कुठल्याही कायद्यात नाही; ते बाजाराचं अपत्य आहे. पण त्याचा जन्म निव्वळ लबाडीतून झाला, असं मी म्हणणार नाही. जिना, जिन्यासमोरची मोकळी जागा, लिफ्टची विहीर, गच्चीवरची जिन्याची खोली, यातलं बरंच काही नियमाप्रमाणे किंवा प्रीमियम भरून एफएसआयमध्ये धरलं जात नसे. पण त्याला सिमेंट लागतं, सळई लागते, गवंडी लागतो. तो खर्च फ्लॅटवाल्यांवर वाटायचा, हे रास्तच आहे. म्हणून बिल्डरांनी बांधीव क्षेत्रावर अमुक टक्के चढवायला सुरुवात केली. त्यालाच 'लोडिंग' म्हणतात. गोम एवढीच, की हे टक्के कोणी मोजले नाहीत. पंधरा होते ते वीस झाले, वीसचे पंचवीस, मोठ्या संकुलांत चाळीसही. माप कागदावर फुगलं की फुटाचा भाव स्वस्त दिसतो, आणि गिऱ्हाईक भावच विचारतं.

आता माझ्याच फ्लॅटचा हिशेब मांडतो. आपले फ्लॅट सारखेच असल्यामुळे तो तुमचाही आहे.

१९९८ च्या गुढीपाडव्याला मी आणि सौ. साइट ऑफिसमध्ये गेलो. डोंबिवलीच्या या बाजूला तेव्हा पावसाळ्यात गुडघाभर चिखल असायचा. माहितीपत्रकावर लिहिलं होतं 'टू बीएचके, ८७५ चौ. फूट', भाव ९५०. म्हणजे ८,३१,२५० रुपये. सौ.नी नकाशा हातात घेऊन विचारलं, "हॉल केवढा?" तिथल्या मुलाने सांगितलं, "दहा बाय पंधरा, ताई." ती म्हणाली, "अहो, मग आठशे पंच्याहत्तर कुठून झाले? आपल्या चाळीतल्या दोन खोल्या मिळून अडीचशे आहेत, आणि हे काही त्याच्या साडेतीनपट वाटत नाही." मी बँकेत कर्ज विभागात होतो. मी तिला ऐटीत सांगितलं, "ते सुपर बिल्ट-अप असतं. सगळीकडे तसंच असतं." आणि चेक फाडला.

ताबा दसऱ्याला, १९९९ साली मिळाला. पडदे शिवायचे म्हणून टेप आणली होती. एका रविवारी दुपारी घर रिकामं असताना मी सगळंच मोजलं. हॉल १५०. स्वयंपाकघर आठ बाय नऊ, ७२. एक बेडरूम दहा बाय अकरा, ११०. दुसरी दहा बाय बारा, १२०. न्हाणीघर २८, संडास १२, आतल्या बेडरूमचं टॉयलेट २८. मधला पॅसेज साडेतीन बाय बारा, ४२. बेरीज ५६२ चौरस फूट. बाल्कनी चार बाय दहा, ती वेगळी ४०.

मग करारनामा काढला. त्यात इमानेइतबारे लिहिलेलं होतं: कार्पेट ५२.२१ चौरस मीटर, बाल्कनी ३.७२ चौरस मीटर. एक मीटर म्हणजे १०.७६४ फूट, गुणाकार केला तर बरोबर ५६२ आणि ४०. म्हणजे करारात खोटं काही नव्हतं. करारात भाव नव्हता, फक्त एकूण रक्कम होती. आणि माहितीपत्रकात कार्पेट नव्हतं, फक्त ८७५ आणि भाव होता. दोन कागद दोन भाषांत बोलत होते. करार मीटरमध्ये असल्यामुळे आपण कोणी तो आकडा दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून पाहिला नाही. मी तर सही करण्याआधी चार वेळा वाचला होता.

पुढचं गणित सोपं आहे. मधल्या भिंतींनी खाल्लेली जागा ३४ फूट. बाहेरच्या भिंती आणि शेजाऱ्याबरोबरच्या भिंतींचा निम्मा हिस्सा मिळून ६४. कार्पेट ५६२, बाल्कनी ४०, भिंती ९८. बांधीव झालं ७००. त्यावर पंचवीस टक्के लोडिंग, १७५. झाले ८७५.

आता एकच रक्कम, ८,३१,२५०, वेगवेगळ्या मापांनी भागून पाहा. सुपरने ९५० रुपये फूट. बांधीव क्षेत्राने ११८७ रुपये ५० पैसे. कार्पेटने १४७९ रुपये. घर तेच, पैसे तेच, दारावरची पाटीसुद्धा तीच. फक्त भागाकाराखालचा आकडा बदलला. (नोंदणीच्या वेळच्या मूल्यांकनात बांधीव क्षेत्र आणखी वेगळं. तिथे कार्पेटवर वीस टक्के वाढवून बांधीव धरण्याची पद्धत होती. म्हणजे ५६२ चे ६७४. माझे प्रत्यक्षातले ७००. बांधीव या एका शब्दाचेसुद्धा दोन आकडे!)

कोणी म्हणेल, मग बिघडलं काय? एकूण रक्कम माहीत होती, घर डोळ्यांनी बघितलं होतं. हे अर्धं खरं आहे. कार्पेटचा भाव १४७९ लिहिला असता तरी बिल्डरने पैसे तेवढेच घेतले असते. सुपरमुळे आपण त्या दिवशी जास्त पैसे दिले असं सिद्ध होत नाही. नुकसान होतं ते तुलना करताना.

माझ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने त्याच महिन्यात स्टेशनच्या पलीकडे फ्लॅट घेतला. ९०० फूट, भाव ९२५. तो मला कँटीनमध्ये सांगायचा, "तुझ्यापेक्षा पंचवीस फूट जास्त आणि पंचवीस रुपये कमी!" मला खरोखर वाईट वाटायचं. एकूण रक्कम ८,३२,५००, माझ्यापेक्षा साडेबाराशेच जास्त. माझं घर मोजून झाल्यावर मी टेप घेऊन त्याच्याकडे गेलो. बाल्कनी माझ्याएवढीच. कार्पेट भरलं ५३५. म्हणजे माझ्यापेक्षा सत्तावीस फूट कमी, आणि कार्पेटचा भाव १५५६. त्याचं लोडिंग पस्तीस टक्क्यांच्या आसपास होतं. जो भाव स्वस्त दिसत होता, तो फुटामागे ७७ रुपयांनी महाग निघाला. त्याने जुन्या घरातला दिवाण आणला होता. तो बेडरूममध्ये आडवा बसेना, म्हणून शेवटी गावी पाठवला.

माझ्यापुरती याहून टोचणारी गोष्ट दुसरी आहे. कर्ज विभागात मी कित्येक गृहकर्जांचे प्रस्ताव लिहिले. 'एरिया' या रकान्यात मी बिल्डरच्या पत्रावरचा आकडा उतरवत असे. तो कार्पेट आहे, बांधीव आहे की सुपर, हे लिहायला रकाना नव्हता आणि मीही कधी विचारलं नाही. मग बाजारभावाने गुणाकार करून तारणाची किंमत काढायची. एखाद्या वेळी व्हॅल्युअर कार्पेटचा भाव धरून सुपरच्या फुटांनी गुणायचा, तेव्हा किंमत दीडपट व्हायची आणि ती माझ्या सहीने पुढे जायची. स्वतःचं घर मोजल्यानंतर मी प्रस्तावावर पेन्सिलीने लिहू लागलो, 'भिंतीच्या आत किती?' साहेब म्हणायचे, "तुम्ही फार खोलात जाता." मी म्हणायचो, "साहेब, खोलात नाही, खोलीत जातो."

दुसरं नुकसान लोडिंगमध्येच लपलेलं होतं. ते आपण सोसायटी स्थापन झाल्यावर, २००१ च्या उन्हाळ्यात, तेव्हाचे चिटणीस आणि मी मिळून मोजलं. जुन्या सभासदांना आठवत असेल, आम्ही दोघे टेप घेऊन जिन्यात उकिडवे बसायचो आणि मुलं हसायची.

रीत साधी आहे. एका विंगमध्ये चार मजले, मजल्यावर चार घरं, सोळा घरं. प्रत्येकावर १७५ फूट लोडिंग, म्हणजे विंगवर २,८०० फूट सामाईक जागा विकली गेली. मग तेवढी सामाईक बांधकामं विंगमध्ये असायला हवीत. आम्ही मोजली. जिना आणि त्यासमोरची मोकळी जागा भिंतींसकट मजल्याला २६०. चार मजल्यांचे १,०४०. तळाचा प्रवेश आणि जिना ३००. मीटर रूम आणि वॉचमनची खोली १२०. गच्चीवरची जिन्याची खोली आणि टाकी मिळून २००. एकूण १,६६०. लिफ्ट नव्हतीच, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या आजी-आजोबांना तो आजही आहे. स्टिल्टचं पार्किंग आम्ही यात धरलं नाही, कारण त्याचे पैसे बिल्डरने वेगळे घेतले होते.

विकले २,८००, सापडले १,६६०. राहिले १,१४०. घरटी ७१ फूट आणि वर थोडं. ९५० च्या भावाने घरामागे ६७,६८७ रुपये अशा जागेचे, जी विटांत नाही, नकाशात नाही, फक्त गुणाकारात आहे. कुठल्याही इमारतीत लोडिंग खरं की फुगवलेलं, हे ओळखायची हीच एक कसोटी: सगळ्या घरांचं सुपर एकत्र करा, त्यातून सगळ्यांचं बांधीव वजा करा, आणि उरलेली जागा इमारतीत हिंडून शोधा.

आम्ही तो कागद घेऊन बिल्डरकडे गेलो. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, करारात सुपरचा एक शब्द दाखवा." नव्हताच. त्याचं बरोबर होतं. कागद माझ्या कपाटात राहिला.

पुढे काय झालं ते थोडक्यात. २००८ साली मोफात दुरुस्ती होऊन फ्लॅट कार्पेटवरच विकावा असं स्पष्ट आलं. सामाईक जागांची किंमत घ्यायची तर ती वेगळी दाखवायची. तरीही 'सेलेबल' नावाने जुना आकडा तोंडी चालूच राहिला. मुंबईत वेगळीच तऱ्हा झाली. तिथे बाल्कनी, फ्लॉवर बेड, कपाटाचे कोनाडे एफएसआयबाहेर असत. म्हणून खिडकीखाली फ्लॉवर बेड काढायचे, ते विकायचे, आणि पुढे घरवाल्याने ते खोलीत घ्यायचे, असा रिवाज पडला. माझ्या मुंबईतल्या पुतण्याच्या हॉलमध्ये एक पायरी आहे. ती पूर्वीच्या फ्लॉवर बेडची कड. २०१२ च्या सुरुवातीला हे सगळे प्रकार एफएसआयमध्ये धरायचं ठरलं आणि बदल्यात निवासी बांधकामाला प्रीमियम घेऊन पस्तीस टक्के 'फंजिबल' एफएसआय देण्यात आला.

मग केंद्राचा रेरा कायदा, २०१६ चा. महाराष्ट्रात त्याचा पूर्ण अंमल १ मे २०१७ पासून. त्याने कार्पेटची व्याख्याच देऊन टाकली, आणि ती आपल्या चटईपेक्षा थोडी निराळी आहे. रेरा कार्पेटमध्ये घराच्या आतल्या मधल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणजे माझं घर रेराच्या भाषेत ५६२ अधिक ३४, असं ५९६ झालं. तीच ८,३१,२५० ची रक्कम त्याने भागली तर भाव १३९५. चटई एका फुटाने वाढली नाही, तरी आकडा चौतीसने वाढला. ताबा देताना रेरा कार्पेट करारापेक्षा तीन टक्क्यांहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे व्याजासह परत करायचे, अशी तरतूद आदर्श करारात आहे. हे आमच्या वेळी असतं तर जिन्यात उकिडवं बसण्याचे श्रम वाचले असते, असं वाटेल. पण तसं नाही. मोजायला माणूस लागतोच. मोजताना गिलावा झाल्यावर, स्कर्टिंगच्या वर टेप लावावी, आणि टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये टाइलची जाडी ध्यानात घ्यावी. एवढं केलं तर दोन माणसांच्या मापात फार फरक पडत नाही.

आता ते पत्र. इमारत पंचवीस वर्षांचीच असल्यामुळे घाई नाही, हे सभेने ठरवलंच आहे. पण पत्रातलं एक वाक्य प्रत्येक घरात चर्चेचं झालं: 'सभासदांना सध्याच्या कार्पेट क्षेत्रावर २५ टक्के जादा क्षेत्र, रेरा कार्पेट, बाल्कनीसह.' तिसऱ्या मजल्यावरची आपली एक सून मला जिन्यात म्हणाली, "काका, पंचवीस टक्के म्हणजे एक खोलीच मिळाली की!" मी म्हटलं, "सूनबाई, दोन मिनिटं घरी ये."

'सध्याचं कार्पेट' त्यांनी घेतलं करारातून: ५६२. त्यात मधल्या भिंती नाहीत, बाल्कनी नाही. त्यावर पंचवीस टक्के म्हणजे ७०२ आणि अर्धा. पण हा आकडा 'रेरा कार्पेट, बाल्कनीसह' आहे. त्यात मधल्या भिंतीही आहेत आणि बाल्कनीही आहे. म्हणजे पाया एका मापाने आणि कळस दुसऱ्या मापाने. आपलं आजचं घर त्याच मापाने मोजलं, तर ५६२, ३४ आणि ४०, मिळून ६३६ होतं. ६३६ वरून ७०२ ला जाणं म्हणजे वाढ साडेसहासष्ट फूट. टक्क्यांत सांगायचं तर साडेदहा. पंचवीस नव्हे.

खरोखर पंचवीस टक्के द्यायचे तर ६३६ चे ७९५ झाले पाहिजेत. फरक साडेब्याण्णव फुटांचा आहे. म्हणजे सूनबाईंची ती खोली. बत्तीस घरांचे मिळून २,९६० फूट. पत्रात खोटं एकही अक्षर नाही, जसं १९९८ च्या करारात नव्हतं. तेव्हा मी दोन कागद शेजारी ठेवले नव्हते. या वेळी ठेवले, एवढंच.

सभेत मी हे फळ्यावर मांडलं. एका सभासदांनी विचारलं, "मग विकासकाने फसवलं असं म्हणायचं का?" मी म्हटलं, तसं म्हणू नका. तो पहिलं पत्र त्याच्या सोयीच्या मापाने लिहिणार. उत्तर आपण आपल्या मापाने लिहायचं. आणि घासाघीस टक्क्यांवर करू नका, फुटांवर करा. आज भिंतींच्या आत किती, मधल्या भिंती किती, बाल्कनी किती, हे तीन रकाने. आणि समोर नव्या घराचे तेच तीन रकाने. बेरीज सर्वांत शेवटी. सामाईक जागेचे टक्के त्यात कुठेही येऊ द्यायचे नाहीत.

त्याप्रमाणे आर्किटेक्टकडून बत्तीसही घरं मोजून घ्यायचा ठराव झाला आहे. तक्ता इतिवृत्ताला जोडला जाईल आणि प्रत्येक सभासद आपल्या ओळीसमोर सही करील. मोजायला माणूस येईल तेव्हा घरात कोणीतरी थांबावं, आणि बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेल्यांनी मूळची हद्द कुठे होती ते न लाजता दाखवावं. नाहीतर चाळीस फूट एकदा खोलीत आणि एकदा बाल्कनीत असे दोनदा धरले जातील, आणि तो तक्ता कोणी मानणार नाही.

२००१ साली जिन्यात वापरलेली टेप मी सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आहे. पहिला इंच थोडा झिजलेला आहे, म्हणून एक फुटाच्या खुणेपासून मोजावं आणि शेवटी एक फूट वजा करावा. काम झाल्यावर पुन्हा त्याच खणात ठेवावी.